‘ठीक’च्या आत काय काय असतं

धुळे

चि. नातीस,


रविवारी फोनवर तू म्हणालीस, “वाईट वाटलं गं आजी, पण आता ठीक आहे,” आणि मी काही विचारायच्या आत कैऱ्यांच्या लोणच्यावर गेलीस. तुझ्या त्या घाईला आपल्याकडे फार जुनं नाव आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सातव्या अध्यायात भावांची मोजदाद आहे: आठ स्थायी, आठ सात्त्विक आणि तेहेतीस संचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे. या तेहेतिसांत निद्रा आणि मरणसुद्धा धरलं आहे, तेव्हा यादी आजच्या अर्थानं निव्वळ भावनांची नाही. पण त्यातच एक अवहित्था नावाचा भाव आहे. मनातलं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून केलेली झाकाझाक, ती अवहित्था. लाजेतून येते, भीतीतून येते, हार झाली की येते. आणि ती ओळखायची कशी, तर माणूस भलतंच बोलायला लागतो, नजर वळवतो, बोलणं मध्येच तोडतो, उसना धीर दाखवतो. लोणच्याची चौकशी या वर्णनात चपखल बसते.

बुधवारी तुझा लांबलचक मेसेज आला म्हणून हे पत्र लिहिते आहे. तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मुलं निबंधात ‘मला खूप आनंद झाला’ आणि ‘मला खूप वाईट वाटलं’ या दोन वाक्यांवर सगळं आयुष्य निभावून नेतात, हे मी पाहिलेलं आहे. शब्द त्यांना ठाऊक नसतात असं नव्हे. हुरहूर, रुखरुख, धाकधूक, तगमग, हिरमोड, खंत, हे सगळे शब्द घरात रोज कानावर पडतात. पण कुठला शब्द कधी वापरायचा, हे ताडून बघायची सवय कुणी लावलेली नसते. ही ताडून बघायची रीत मला नाट्यशास्त्रापेक्षाही नीट सापडली ती आपल्या धुळ्याच्या तुरुंगात. म्हणजे मी तिथे नव्हते, विनोबा होते.

१९३२ साली सत्याग्रहातले पुष्कळ कैदी धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा त्यांच्यासमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी त्याच तुरुंगात होते आणि ते सारं बोलणं त्यांनी उतरवून घेतलं. तेच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक. लोक ते भक्तीनं वाचतात. मला त्यातला पहिला अध्याय भावनेचं नाव शोधण्याचा एक स्वच्छ नमुना म्हणून आवडतो.

तू अर्जुनाची अवस्था एकदा नीट बघ. गीतेत ती आधी शरीरातून येते. अंग गळून जातं, तोंडाला कोरड पडते, थरकाप होतो, काटा येतो, गांडीव हातातून निसटतं, कातडीची आग होते, धड उभं राहवत नाही, मन गरगरतं. एवढी लक्षणं सांगून झाली तरी नाव ठरलेलं नाही. त्यानंतर अर्जुन कारणं देऊ लागतो, आणि ती मोठी भारदस्त कारणं आहेत: कुळ बुडेल, कुळाचा धर्म बुडेल, पाप लागेल. ऐकणाऱ्याला वाटावं की या माणसाला हिंसेचा उबग आला, करुणेनं त्याचं मन भरून आलं.

विनोबा इथे थांबतात. काही लोक म्हणतात अर्जुन भ्याला, तर हे नाव त्यांना पटत नाही. शेकडो लढाया जिंकलेला माणूस आयत्या वेळी भ्याडपणानं थरथरणार नाही. मग अहिंसा म्हणावी? तेही नाही. समोर परके उभे असते, तर याच अर्जुनानं हसत हसत मुंडकी उडवली असती. तेव्हा हा आपल्या माणसांचा मोह आहे, आणि त्याला अहिंसेची भाषा सुचते आहे. पुढे ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. त्यानं शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली असते. एक दिवस त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपात समोर उभा राहतो, आणि न्यायाधीश एकाएकी सांगू लागतो की फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिनं माणूस सुधारत नाही. त्याचे मुद्दे खोटे नाहीत. पण ते त्याला त्याच दिवशी का सुचले?

विनोबांनी काय केलं ते लक्षात घे. प्रसंगातली एकच गोष्ट मनातल्या मनात पालटली. नातेवाइकांच्या जागी परके ठेवले आणि विचारलं, आता ही भावना उरते का? उरत नसेल तर भावनेचं मूळ त्या पालटलेल्या गोष्टीत आहे. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच सोंगटी हलवायची. गीतेच्या शेवटी अर्जुनही आपला मोह गेला असंच म्हणतो, करुणा गेली असं म्हणत नाही. त्याआधी, दुसऱ्या अध्यायात, त्यानं स्वतःच्या अवस्थेला आणखी एक नाव दिलेलं आहे, कार्पण्य, म्हणजे दीनवाणेपणा. ते नाव पूर्ण बरोबर नसेल, पण ते उच्चारल्यावरच तो वाद घालायचा थांबतो आणि ‘मला सांग’ म्हणतो.

आता तुझा मेसेज घेते. तू लिहिलेलं सगळं एका ‘वाईट’मध्ये कोंबलं आहेस, म्हणून ते मोकळं करून बघू.

कॉलेजात कंपनी आली. तुझी निवड झाली नाही, खोलीतल्या मैत्रिणीची झाली. तिनं पेढे वाटले. तू पेढा घेतलास, हसलीस आणि ‘चक्कर मारून येते’ म्हणून मेहरूणच्या तलावाकडे गेलीस. रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तू कुणाला तरी म्हणालीस, “तिला काय, फाडफाड इंग्रजी येतं एवढंच.” बाबांचे फोन दोन दिवस उचलले नाहीस. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंस की मुलाखत घेणाऱ्यानं गाव विचारलं, तू पारोळ्याजवळचं आपलं गाव सांगितलंस, तेव्हा तो शेजारच्याकडे बघून हसला आणि तुझं पुढचं उत्तर अर्ध्यावर तोडलं. तेव्हापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तू त्याला द्यायची उत्तरं मनात रचत पडतेस.

पहिली सोंगटी हलवू. मैत्रिणीऐवजी दुसऱ्या शाखेतल्या एखाद्या अनोळखी मुलाची निवड झाली असती तर? याचं उत्तर तुझ्याच मेसेजात आहे. अशा तीन मुलांची निवड झाली आणि त्यांच्याबद्दल तू एक ओळ लिहिलीस, तीही आकडा सांगायला. म्हणजे पेढ्याच्या वेळी जे झालं, ते मैत्रिणीशी बांधलेलं आहे. पण एवढ्यानं नाव ठरत नाही, कारण इथे दोन भावना अगदी लगटून असतात. तिला मिळालं ते मलाही हवं होतं, हा हेवा. तिला मिळालंच कशाला, ही असूया. दोघींना वेगळं करायला आणखी एकदा पालटून बघ: तुम्हा दोघींचीही निवड झाली असती तर तिचा पेढा गोड लागला असता का? लागला असता, असं मला तुझ्या स्वभावावरून वाटतं. तेव्हा मुळात हा हेवा. पण ‘इंग्रजी येतं एवढंच’ या वाक्यात असूयेची सुरुवात आहे. दुसऱ्याच्या भाग्यातून उपजते आणि चारचौघांत त्याचे दोष काढते, त्याचे गुण कमी करून सांगते, हे असूयेचं लक्षण भरतानं दिलेलं आहे आणि ते आजही चुकत नाही. हेवा वाटला म्हणून कुणी वाईट ठरत नाही, आणि त्यावर काही उपायही करावा लागत नाही, तो आपोआप विरतो. मात्र असूया बोलत गेलं की वाढते. आठ-दहा दिवस मैत्रिणीबद्दल तिसऱ्याशी बोलायचं नाही, एवढंच पथ्य.

बाबांच्या फोनचं निराळं आहे. तू लिहिलंस, ‘लाज वाटते’. मला खात्री नाही. कल्पना कर की बाबांना हे कुणाकडून तरी आधीच कळलं आहे आणि ते काही बोलले नाहीत. या विचारानं सुटल्यासारखं वाटतं का? वाटत असेल तर ती लाज नव्हती, सांगण्याची धास्ती होती. फोन उचलून दोन वाक्यं बोललीस की संपेल. आणि त्यांना सगळं कळलेलं असूनही नजर वर करवत नसेल, तर मग ते ओशाळलेपण आहे. त्याच्या मुळाशी बहुतेक फीचं कर्ज असणार. तेव्हा निकालाचं बोलून भागायचं नाही, कर्जाबद्दलच बोलावं लागेल, हप्ते कधी सुरू होतात आणि तुझ्या मनात काय आहे ते. धास्तीला दोन मिनिटं पुरतात, ओशाळलेपणाला एक अख्खी संध्याकाळ लागते. हे आधी माहीत असलेलं बरं.

आणि आता तो हसणारा माणूस. तुझ्या मेसेजात त्याला दीड ओळ मिळाली, पण झोप त्यानंच नेली आहे. सोंगटी हलवून बघ: त्यानं तुझं उत्तर शांतपणे पुरतं ऐकलं असतं, ‘छान’ म्हटलं असतं, आणि तरीही निवड झाली नसती. मग रात्री दोनला तू काय रचत बसली असतीस? काहीच नाही. वाईट वाटलं असतं, पण झोप लागली असती. म्हणजे जागरण नापास झाल्याचं नाही. आपल्याहून विद्येनं, पैशानं किंवा अधिकारानं वरचढ असलेल्यानं पाणउतारा केला की आत जे धुमसतं, त्याला शास्त्रात अमर्ष म्हणतात. सोसवत नाही आणि उलटून बोलताही येत नाही, अशा अवस्थेतला तो राग आहे. भरतानं त्याची लक्षणं दिली आहेत: मान हलवणं, घाम येणं, खाली मान घालून विचार करत राहणं, उपाय शोधत राहणं. रात्रीची तुझी उत्तरं म्हणजे हेच उपाय शोधणं. आपल्या बोलीत याला कुणी ‘चीड’ म्हणेल, कुणी ‘डोक्यात गेलं’ म्हणेल. चालेल. फक्त ‘वाईट वाटलं’ म्हणू नकोस, कारण वाईट वाटलं म्हटलं की तू आणखी अभ्यास करायला बसशील. अपमानावर अभ्यास हा इलाज नाही. घडलेलं तारीख-वार घालून लिहून काढ आणि कॉलेजात मुलाखतींचं काम बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना सांग. त्यांनी काही केलं, न केलं, हा पुढचा प्रश्न. पण त्या रागाला जायला दार हवं, आणि ते दार पुस्तकात नाही.

या सगळ्याच्या तळाशी जे उरलं, ते मात्र सरळ आहे. हाती घेतलेलं तडीला गेलं नाही. हा विषाद. तोंडाला कोरड, सुस्कारे, अवेळी झोप अशी त्याचीही लक्षणं दिली आहेत, पण एक गोष्ट मला फार आवडते: भरत म्हणतो की उत्तम प्रकृतीचा माणूस विषादात सोबती शोधतो आणि उपायाचा विचार करतो. अभ्यास करायचा तो या एका भावनेसाठी. तोही एकटीनं नको. त्याच मैत्रिणीला सोबत घे, तिचं इंग्रजी चांगलं आहे ना?

नाव दिल्यानं खरंच काही होतं का, हे तू विचारशीलच. इंजिनीअर होणार आहेस. अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग छापला. रागावलेले, घाबरलेले चेहरे लोकांना दाखवले आणि मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्याला भावनेचं नाव निवडून दिलं की मेंदूतला धोक्याला प्रतिसाद देणारा भाग, अमिग्डला, कमी पेटत होता. चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव दिलं तर तसं होत नव्हतं. २०१२ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी कोळ्याला भिणाऱ्या माणसांना जिवंत कोळ्याजवळ नेलं. काहींना तिथे उभं राहून आपली भीती शब्दांत सांगायला लावली, काहींना ‘तो काही करत नाही’ असं स्वतःला समजवायला लावलं, काहींचं लक्ष दुसरीकडे वळवलं. आठवड्यानं पुन्हा नेलं तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळव्यांना कमी घाम फुटत होता. पण किती भीती वाटते असं विचारलं, तर त्यांनी इतरांइतकीच सांगितली. शरीर निवलं होतं, मनाला अजून तसं वाटत नव्हतं. म्हणून नाव सापडल्याबरोबर हलकं वाटलं नाही तर ‘हे काही खरं नाही’ असं समजू नकोस.

दोन ठिकाणी ही रीत लागू पडत नाही. एक, जळगावचा मे महिना. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला, रात्री पंख्याची हवा गरम, पोटात सकाळपासून पोहे आणि चहा. अशा दुपारी जी चिडचिड होते तिला मनात मूळ नसतं. तिथे सोंगटी हलवायची ती हीच: पाणी पी, जेव, झोप, आणि मग बघ ती उरते का. बहुतेक उरत नाही. उपाशी पोटी कुणाच्याही स्वभावाबद्दल मत बनवू नये, स्वतःच्याही नाही.

दुसरं याच्या उलट. कधी कधी माणूस एकाच भावनेला दहा नावं देत रात्रभर घोळत राहतो, आणि त्याला वाटतं आपण मन समजून घेतोय. ओळखायची खूण सोपी आहे: नीट नाव सापडलं की पुढे काय करायचं ते दिसतं, किंवा काहीच करायचं नाही हे तरी दिसतं. तेच ते पुन्हा येत असेल आणि काहीच दिसत नसेल, तर वही मिट. आणि दोन आठवडे सरले तरी कशातच मन लागत नसेल, झोप-भूक उडाली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, तर ते शब्दांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. सरकारची १४४१६ ही ‘टेलि-मानस’ची फोनसेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, लागो न लागो.

शब्द सापडतच नसेल तेव्हा काय करायचं, हे आपल्या आसोद्याच्या लेकीकडून शिकावं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. मनावर त्यांचं जे गाणं आहे, त्यात भावनेचं एकही पुस्तकी नाव नाही. मन काय करतं तेवढं त्या सांगतात, ते कुठे धावतं, कसं हाकलावं लागतं, आणि ते शेतातल्या, आसपासच्या दाखल्यांनी. नाव नाही सापडलं तर तूही आत काय चाललंय ते सांग. ‘जीव टांगणीला लागलाय’, ‘पोटात गोळा येतो, पण फोन वाजला तरच’, ‘कुणी बोललं की आवंढा येतो’. फोन वाजला तरच, या तीन शब्दांत निम्मं नाव आलं.

सुखाच्या बाबतीतही तू अशीच कंजूष आहेस. मागच्या महिन्यात प्रोजेक्ट जमला तेव्हाही ‘मस्त वाटलं’. परीक्षक काही आडवं विचारतील म्हणून तू धास्तावली होतीस आणि त्यांनी विचारलं नाही, तर ते हायसं वाटणं. त्यात आनंद थोडा आणि सुटका जास्त. सर्किट आपल्या हातानं चाललं, ते समाधान. आणि त्या रात्रीच तुला पुढचं काही करून बघावंसं वाटलं, तो हुरूप. हायसं वाटणं सकाळपर्यंत संपतं, समाधान टिकतं, आणि हुरूप असेपर्यंत काम उरकून घ्यावं लागतं. आठ दिवसांनी तो असेलच असं नाही. त्या वेळी तू हुरूप म्हणाली असतीस, तर मी तुला दुसऱ्याच दिवशी कामाला लागायला सांगितलं असतं.

एक राहिलं. ही सगळी नावं मी तुझ्या मेसेजावरून दिली आहेत. तो मुलाखतीतला माणूस मी बघितलेला नाही, मैत्रीण बघितलेली नाही, आणि तू पेढा खाताना कशी हसलीस तेही नाही. दुसऱ्याच्या मनाला बाहेरून नाव देणारा फार तर अंदाज करतो. एखादं नाव खोटं वाटलं तर खोडून टाक आणि तुझं लिही. विशेषतः ओशाळलेपणाबद्दल मला शंका आहे, कारण तुझ्या बाबांचा मुलगा म्हणून स्वभाव मला ठाऊक आहे, बाप म्हणून तू ओळखतेस. तेवढं फोन झाल्यावर कळव. सरांशी बोलायला जाशील तेव्हा त्या माणसाचं वाक्य जसंच्या तसं लिहून ने. ‘तो नीट बोलला नाही’ असं मोघम सांगितलंस तर तेही तुला मोघमच सांगतील.

तुझी,
आजी